गुंतागुंतीचा तक्ता वाक्यांत कसा उतरवतात: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपण आमच्याकडे पुस्तिका, अहवाल किंवा परिपत्रक सुलभ स्वरूपात करून घेण्यासाठी देता, तेव्हा त्यातील काही तक्ते आम्ही तक्ता म्हणूनच ठेवतो आणि काही तक्त्यांसोबत वाक्यांत लिहिलेला मजकूर जोडून परत पाठवतो. हा मजकूर कशासाठी असतो, तो कसा तयार होतो आणि त्यासाठी आम्ही आपल्याला इतके प्रश्न का विचारतो, हे या पत्रकात सांगितले आहे.

साध्या तक्त्याला वाक्यांची गरज नसते, हे आधीच स्पष्ट करतो. प्रत्येक रकान्याला एकच शीर्षक आहे, प्रत्येक ओळीला नाव आहे, कोणतीही चौकट जोडलेली किंवा रिकामी नाही आणि शीर्षके फाइलमध्ये शीर्षके म्हणूनच नोंदवलेली आहेत, असा तक्ता स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणारी व्यक्ती आरामात वाचते. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये `Ctrl + Alt` धरून बाणाच्या कळीने एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाता येते, आणि रकाना बदलला की नव्या रकान्याचे शीर्षकही ऐकू येते. अशा तक्त्याची वाक्ये केली तर उलट नुकसान होते, कारण एकाच रकान्यातून सरळ खाली जात आकड्यांची तुलना करण्याची सोय वाक्यांत राहत नाही. म्हणून वाक्यांतील मजकूर आम्ही तक्त्याच्या जागी ठेवत नाही. तो तक्त्याच्या लगेच खाली येतो आणि तक्त्याच्या आधी त्याची सूचना देणारी एक ओळ असते.

गुंतागुंतीच्या तक्त्यात काय बिघडते, हे बाळाच्या लसीकरणाच्या वेळापत्रकावरून चांगले समजते. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकातील पहिल्या चार ओळी पुस्तिकेत कशा छापल्या जातात ते डोळ्यांसमोर आणा. रकाने पाच आहेत: लस, केव्हा द्यायची, मात्रा, कशी द्यायची आणि कुठे द्यायची. ओळी चार आहेत: बीसीजी, हेपॅटायटिस बी, पोलिओचा झिरो डोस, आणि शेवटच्या ओळीत पोलिओचे १, २ व ३ हे तीन डोस एकत्र. पोलिओच्या दोन्ही ओळींसाठी ‘२ थेंब’ ही एकच उभी जोडलेली चौकट आहे, ‘तोंडावाटे’ हीसुद्धा तशीच जोडलेली आहे, आणि शेवटच्या रकान्यात त्या दोन ओळींपुढे फक्त आडवी रेघ आहे. बीसीजीच्या मात्रेपुढे ०.१ मि.ली. असे छापून त्यावर फुली केली आहे, आणि पानाच्या तळाशी त्या फुलीचा अर्थ दिला आहे: बाळ एक महिन्याचे होईपर्यंत ०.०५ मि.ली.

डोळ्यांना हे सारे एका नजरेत कळते. कानाला मात्र तक्ता एकामागून एक अशा क्रमानेच मिळतो आणि ऐकलेले पुन्हा तपासायचे तर मागे जावे लागते. सलग वाचनात जोडलेली चौकट एकदाच उच्चारली जाते, त्यामुळे पोलिओच्या पहिल्या ओळीत ‘२ थेंब’ ऐकू येतात आणि पुढच्या ओळीत प्रमाणाचा उल्लेखच येत नाही. आडवी रेघ अनेकदा उच्चारली जात नाही, कारण विरामचिन्हे किती वाचायची हे प्रत्येकाने आपल्या सोयीनुसार ठरवलेले असते. ‘मि.ली.’मधील टिंबांवर आवाज वाक्य संपल्यासारखा थांबू शकतो. यांत सर्वांत गंभीर बाब बीसीजीच्या ओळीची आहे: ऐकणाऱ्याला ०.१ हा आकडा मिळतो आणि नवजात बाळासाठी तो निम्मा आहे ही गोष्ट सगळा तक्ता संपल्यावर, संदर्भ सुटलेला असताना, कानावर पडते.

आता हाच तक्ता आम्ही कसा लिहितो ते पाहू. आधी जोडलेल्या चौकटी कागदावर सुट्या करतो, म्हणजे वरच्या चौकटीतील मजकूर खालच्या प्रत्येक ओळीत पुन्हा लिहितो. मग तळटिपा उचलून ज्या चौकटीच्या आहेत त्या चौकटीत बसवतो. एका ओळीत तीन डोस असतील तर त्यांच्या तीन ओळी करतो. त्यामुळे छापील चार ओळींच्या सहा होतात. इथपर्यंत एकही वाक्य लिहिलेले नसते, पण निम्म्याहून अधिक चुका याच टप्प्यावर टळतात, असा आमचा अनुभव आहे.

त्यानंतर प्रस्तावनेचा परिच्छेद येतो. या उदाहरणात तो असा आहे:

“पुढे सहा नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत लसीचे नाव, ती देण्याची वेळ, प्रमाण, देण्याची पद्धत आणि शरीरावरील जागा याच क्रमाने माहिती दिली आहे. पोलिओच्या चारही डोसांना शरीरावरील जागा लागू नाही, कारण ते तोंडावाटे देतात.”

क्रम एकदा सांगितला आणि शेवटपर्यंत तोच ठेवला की ऐकणाऱ्याला ठाऊक असते की वेळेनंतर प्रमाणच येणार. शैली सुधारण्याच्या हेतूने एखाद्या नोंदीत क्रम बदलणे हा या कामातला मोठा दोष आहे. वाचणाऱ्याला पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटेल, हे आम्हाला मान्य आहे. ऐकणाऱ्याला मात्र तिचाच आधार असतो.

प्रत्येक नोंदीचे नाव आम्ही उपशीर्षक म्हणून नोंदवतो, त्यामुळे `H` ही कळ दाबत एका लसीवरून थेट पुढच्या लसीवर जाता येते आणि नको असलेली नोंद पूर्ण ऐकावी लागत नाही. पहिल्या तीन नोंदी अशा होतात:

“बीसीजी. ही लस जन्मतः किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर देतात, आणि बाळ एक वर्षाचे होईपर्यंत ती देता येते. बाळ एक महिन्याचे होईपर्यंत तिचे प्रमाण ०.०५ मिलिलिटर असते. त्यानंतर ते ०.१ मिलिलिटर असते. ही लस त्वचेच्या थरामध्ये टोचतात. ती डाव्या दंडाच्या वरच्या भागावर देतात.

हेपॅटायटिस बी, जन्माच्या वेळचा डोस. हा डोस जन्मतः किंवा शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत देतात. त्याचे प्रमाण ०.५ मिलिलिटर असते. तो स्नायूमध्ये टोचतात. तो डाव्या मांडीच्या मध्यावर, पुढील-बाहेरील बाजूस देतात.

पोलिओ, झिरो डोस. हा डोस जन्मतः किंवा शक्य तितक्या लवकर, पहिल्या १५ दिवसांत देतात. त्याचे प्रमाण २ थेंब असते. तो तोंडावाटे देतात. शरीरावरील जागा लागू नाही.”

पुढील तीन नोंदींत पोलिओचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात हे वेगवेगळे सांगितले जाते, आणि बाळ पाच वर्षांचे होईपर्यंत ते देता येतात, तसेच प्रमाण २ थेंब आहे, हे तिन्ही ठिकाणी पुन्हा लिहिले जाते. “वरीलप्रमाणे” हा शब्द आम्ही वापरत नाही, कारण जो श्रोता थेट पाचव्या नोंदीवर आला आहे त्याच्यासाठी वर काहीच नसते.

बीसीजीच्या नोंदीत अट आकड्याच्या आधी आली आहे, याकडे आपले लक्ष वेधतो. “प्रमाण ०.१ मिलिलिटर असते, मात्र एक महिन्यापर्यंत ०.०५” असे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण घाईत ऐकणारा पहिल्याच आकड्यावर थांबू शकतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे लांब वाक्याचा अर्थ शेवटच्या शब्दापर्यंत लोंबकळत राहतो. म्हणून एका वाक्यात एकाच रकान्याची माहिती, हा आमचा नियम आहे.

काही ग्राहक विचारतात की एक्सेलमधील तक्ता साच्यात ओतून वाक्ये आपोआप का तयार करू नयेत. साचा आम्हीही वापरतो, पण तो पहिल्या मसुद्यापुरता. मराठीत लस ‘ती’ आहे आणि डोस ‘तो’, ‘दंड’चे ‘दंडावर’ होते तर ‘मांडी’चे ‘मांडीच्या’, ‘आठवडा’चे ‘आठवड्यात’. त्यामुळे चौकटीतला शब्द जसाच्या तसा साच्यात बसवला की “डावा दंड वर देतात” असे वाक्य तयार होते. अशा वाक्यावर ऐकणारा अडखळतो आणि आकडा त्याच्या हातून निसटतो. म्हणून प्रत्येक नोंद माणसाने वाचून दुरुस्त केलेली असते.

शब्दांच्या बाबतीत आणखी एक अडचण नेहमी येते. या तक्त्यात ‘मात्रा’ हा शब्द किती थेंब या अर्थाने आहे, पण अनेक पुस्तिकांत तोच शब्द कितवा डोस या अर्थानेही छापलेला असतो. ‘दुसरी मात्रा २ थेंब’ हे पाहताना कळते, ऐकताना गोंधळ होतो. येथे आम्ही ‘डोस’ आणि ‘प्रमाण’ असे दोन वेगळे शब्द निवडले. तथापि आपल्या मजकुरातील शब्द बदलण्याआधी आपली लेखी संमती घेतो.

रिकाम्या चौकटींबाबतचे प्रश्न यामुळेच येतात. आडवी रेघ म्हणजे ‘लागू नाही’, ‘माहिती उपलब्ध नाही’, ‘शून्य’ की ‘वरचेच पुढे चालू’, हे छापील पानावरून आम्हाला ठरवता येत नाही, आणि अंदाजाने लिहिणे योग्य नाही. अशा प्रत्येक चौकटीची यादी आम्ही आपल्याला पाठवतो. तिचे उत्तर विषय जाणणाऱ्या व्यक्तीने द्यावे, मजकूर जुळवणाऱ्याने नव्हे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

काम पूर्ण झाल्यावर तपासणी दोन प्रकारे होते. ज्या सहकाऱ्याने मूळ तक्ता पाहिलेला नाही, तो केवळ वाक्यांवरून तक्ता पुन्हा आखतो. आपल्या उदाहरणात सहा ओळी आणि नावाखेरीज चार रकाने, म्हणजे चोवीस चौकटी भरल्या गेल्या पाहिजेत. एखादी रिकामी राहिली तर वाक्यात माहिती सुटली आहे आणि एखादीत दोन तर्क संभवत असतील तर वाक्य संदिग्ध आहे. त्यानंतर रोज स्क्रीन रीडर वापरणारे सहकारी तो मजकूर आपल्या नेहमीच्या वेगाने ऐकतात आणि “दहा दिवसांच्या बाळाला बीसीजी किती द्यायची?” अशा ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे देतात. उत्तर चुकले तर आम्ही वाक्य बदलतो. ऐकणाऱ्याला पुन्हा ऐकायला सांगत नाही.

पन्नास ओळींच्या पुढे ही पद्धत थकते. इतक्या नोंदी सलग कोणी ऐकत नाही. अशा वेळी मूळ तक्ताच तोडून साधे, सुटसुटीत दोन-तीन तक्ते करण्याचा सल्ला आम्ही देतो, जरी त्यात आमचे काम कमी होत असले तरी.

आपल्याकडून आम्हाला मूळ वर्ड किंवा एक्सेल फाइल मिळावी, स्कॅन केलेले पान नव्हे, आणि ती युनिकोडमध्ये असावी. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आतून ती इंग्रजी अक्षरे असतात आणि स्क्रीन रीडर तीच निरर्थक अक्षरे उच्चारतो; त्याचे रूपांतर आम्ही करून देतो, मात्र त्यासाठी वेगळा वेळ लागतो.

तक्त्यातील आकडे पुढे बदलले तर केवळ तक्ता दुरुस्त करून फाइल प्रसिद्ध करू नये. लसीकरणाच्या वेळापत्रकासारखे तक्ते शासनाकडून वेळोवेळी सुधारले जातात, आणि तेव्हा पाहणाऱ्याला नवा आकडा व ऐकणाऱ्याला जुना आकडा मिळण्याचा धोका असतो. बदललेल्या चौकटी आम्हाला कळवाव्यात. त्या नोंदी आम्ही दुरुस्त करतो आणि मजकुराच्या सुरुवातीला तक्ता कोणत्या तारखेचा आहे ते लिहून देतो.