गल्फला पाइप वेल्डर म्हणून जाताय? इंटरव्ह्यूच्या आधी एवढं वाचा

आमच्या वर्कशॉपला ट्रेड टेस्टची तयारी करायला येणाऱ्या वेल्डर मंडळींसाठी हे लिहिलंय. हात चांगला असलेली पोरंसुद्धा तोंडी प्रश्नांना अडखळतात. हमखास विचारतात, ७०१८ चा रॉड ओव्हनमध्ये का ठेवायचा? "नियम आहे" म्हणू नका. त्याच्या कोटिंगला ओल धरते, ओलीतून हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि जॉब गार झाल्यावर क्रॅक येतो, असं कारणासकट सांगा. टिगला टॉर्च निगेटिव्हला आणि ७०१८ ला होल्डर पॉझिटिव्हला, हेही विचारतात.

मग बूथमध्ये सिक्स-जी, म्हणजे पाइप ४५ अंशात फिक्स, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. टॅकची टोकं ग्राइंडरने पातळ करून घ्या, नाहीतर रूट तिथे नीट जोडला जात नाही. तपासणारा वरची कॅप बघतोच, पण बॅटरी मारून पाइपच्या आत रूट बघतो आणि खरा निकाल तिथेच लागतो.

कागदांत अनुभवाच्या सर्टिफिकेटवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. दहावी झाली नसेल तर पासपोर्ट बहुतेक ईसीआर असतो आणि मग गल्फच्या नोकरीला इमिग्रेशन क्लिअरन्स लागतोच. "व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बदलून देतो" असं कोणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा, कारण क्लिअरन्स टाळायचाच तो रस्ता आहे आणि तिकडे पगार अडकला तर हातात करारच नसतो.

आता पैशांचं. समजा व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर आलं, खाली लायसन्स नंबर, आणि "मेडिकल, प्रोसेसिंगचे पंधरा हजार आज टाका, सीट जाईल". नंबर खरा असू शकतो हो, दुसऱ्याच एजन्सीचा उचललेला! म्हणून emigrate.gov.in वर एजंटांच्या यादीत तो शोधा, लायसन्स चालू आहे का बघा, आणि तिथे दिलेल्या फोनवर स्वतः फोन करून विचारा की ही भरती तुमचीच का, हा माणूस तुमचाच का. मेसेजमधल्या नंबरवर नाही. पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यावर मागत असतील तर विषय तिथेच संपला. नोंदणीकृत एजंटला सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो, म्हणजे १८ टक्क्यांनी ३५,४०० झाले, आणि त्याची पावती द्यावीच लागते. लाख-दीड लाख सांगणारा गावचा ओळखीचा असला तरी तो बेकायदा आहे, गोड बोलण्यावर जाऊ नका.

पैसे गेलेच असतील तर चॅट डिलीट करू नका. ट्रान्सफरचे स्क्रीनशॉट घेऊन पोलिसात तक्रार द्या आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या १८०० ११ ३०९० या टोल फ्री नंबरवरही सांगा.