थर्मिस्टर, ब्रिज आणि वाकडी रेषा

1833 मध्ये मायकेल फॅराडे यांना दिसलं की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्याचा विद्युत रोध कमी होतो. धातूंचं वागणं याच्या उलट. त्याच वर्षी सॅम्युएल ख्रिस्टी यांनी रोध मोजणाऱ्या चार भुजांच्या ब्रिजची मांडणी दिली आणि 1843 मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती प्रचारात आणली. या दोन गोष्टी एकत्र यायला मात्र बराच काळ गेला, कारण तापमानाबरोबर रोध बदलणारा आणि व्यवहारात चालेल असा थर्मिस्टर सॅम्युएल रूबेन यांनी 1930 मध्ये बनवला.

जुना ब्रिज संतुलनावर चाले. गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचा आणि रोध वाचायचा. त्यात रेषीयतेचा प्रश्नच नव्हता. असंतुलित ब्रिजचं व्होल्टेज थेट तापमान म्हणून वाचायला सुरुवात झाली, तेव्हा थर्मिस्टरचा वक्र नडू लागला.

25 अंश सेल्सिअसला 10 किलोओहम आणि बीटा, म्हणजे तापमानाबरोबर रोध किती झपाट्याने बदलतो ते सांगणारा स्थिरांक, 3950 असलेला थर्मिस्टर घेऊ. 0 अंशाला त्याचा रोध साधारण 33.6 किलोओहम असतो, 50 अंशाला 3.59. त्याच्यासोबत एकसर जोडलेली भुजा 7.6 किलोओहमची ठेवली, तर 0, 25 आणि 50 या तिन्ही तापमानांना व्होल्टेज एका सरळ रेषेत येतं. ब्रिजला 1 व्होल्ट दिला, तर अंशामागे सुमारे 9.9 मिलिव्होल्ट मिळतात. वेगळं रेषीयीकरण लागतच नाही, ब्रिजची भुजाच ते काम करते. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

पण मधल्या तापमानांना रेषा वाकते. ढवळत्या पाण्यात थर्मिस्टर आणि प्रमाण तापमापी शेजारी ठेवले, तर 12.5 अंशाला ब्रिज जवळपास 1 अंश कमी दाखवतो आणि 37.5 ला सुमारे 0.9 अंश जास्त. या चुकांचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो. सगळीकडेच वाचन जास्त येत असेल, तर थर्मिस्टर स्वतःच्या प्रवाहाने तापत असल्याचा संशय घ्यावा. ब्रिजचा पुरवठा निम्मा करून त्या मानाने वाचन काढावं. तापण्याची चूक चौथाईवर येते, वक्रतेची चूक तशीच राहते.

1968 मध्ये स्टाइनहार्ट आणि हार्ट यांनी वेगळी वाट काढली. रेषा सरळ करण्याऐवजी वक्रच समीकरणात मांडला:

```
1/T = A + B ln R + C (ln R)^3
```

यात R हा थर्मिस्टरचा रोध आणि T हे केल्व्हिनमधलं तापमान. तीन स्थिरांक काढण्यासाठी तीन तापमानांना R आणि प्रमाण तापमापीचं वाचन लागतं. ते तीन बिंदू मोजायच्या पट्ट्याच्या दोन टोकांना आणि मध्यावर घ्यावेत, कारण पट्ट्याबाहेर समीकरण भरवशाचं राहत नाही. प्रमाण तापमापी 0.2 अंशाने चुकत असेल, तर ती चूक A, B, C मध्ये जाऊन बसते आणि त्याच तापमापीशी पुन्हा ताडून ती दिसत नाही. म्हणून तो तापमापी आधी वितळत्या बर्फात 0 अंश दाखवतो का, हे पाहून घेतात.