प्री-ईएमआयचं व्याज: वजावट कुठे अडते?

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं कर्ज बँक बिल्डरला टप्प्याटप्प्याने देते. जोत्याला काही, मग स्लॅबनुसार. पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत दिलेल्या रकमेवर फक्त व्याज भरायचं, ते प्री-ईएमआय. यात मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही.

जुन्या करप्रणालीत हे व्याज पाच समान वार्षिक भागांत वजा मिळतं. पण बहुतेकांचा हिशेब तारखेवर चुकतो. ताबा मिळेपर्यंतचं सगळं व्याज ते पाचने भागतात. नियम तसा नाही. घर पूर्ण झालं त्या तारखेच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचंच व्याज भागायचं, पुढचं चालू वर्षाचं.

समजा ९ टक्के दराने ३० लाखांचं कर्ज आहे. १ जून २०२१ ला १० लाख सुटले, १ एप्रिल २०२२ ला आणखी १० लाख. उरलेले १ नोव्हेंबर २०२४ ला सुटले आणि घर त्याच महिन्यात पूर्ण होऊन ताबा मिळाला. ३१ मार्च २०२४ पर्यंतचं व्याज ७५,००० अधिक १,८०,००० अधिक १,८०,०००, म्हणजे ४,३५,०००. दरवर्षी ८७,०००, २०२४-२५ पासून पाच वर्षं. एप्रिल ते ऑक्टोबर २०२४ चे १,०५,००० यात मिसळायचे नाहीत.

आता दुखणं. स्वतः राहत्या घराला वर्षाची मर्यादा २ लाख, आणि ८७,००० त्यातच बसवायचे. इथे २०२४-२५ चं चालू व्याजच २,१७,५०० होतं, म्हणजे त्या वर्षीचा भाग वाया! नवरा-बायको निम्म्या-निम्म्या वाट्याने मालक, दोघे कर्जदार आणि दोघेही हप्ता भरणारे असतील, तर प्रत्येकाचे १,५२,२५० होतात आणि सगळं बसतं. मात्र बायकोचं नाव कर्जात आहे पण करारनाम्यात नाही, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. तिथे तिची वजावट नाकारली जाते, आणि ताब्यानंतर करारनामा सुधारणं सोपं नसतं.

कर्ज २०२१-२२ मध्ये घेतलं असेल तर बांधकाम ३१ मार्च २०२७ पर्यंत पूर्ण व्हायला हवं. उशीर झाला तर २ लाखांची मर्यादा ३०,००० वर येते. बिल्डरच्या दिरंगाईची शिक्षा खरेदीदाराला, पण नियम तसाच आहे.

कागद तीनच लागतात: करारनामा, भोगवटा प्रमाणपत्र किंवा ताबापत्र, आणि बँकेचं व्याज प्रमाणपत्र. शेवटचा कागद अडतो, कारण बँक चालू वर्षाचंच देते आणि आपल्याला २०२१ पासूनचं प्रत्येक वर्षाचं वेगळं हवं असतं. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवणार असाल, तर जुन्या बँकेकडून ही सगळी प्रमाणपत्रं खातं बंद होण्याआधीच मागून घ्या. नंतर तिथल्या काउंटरवर ‘खातं दिसत नाही’ एवढंच ऐकायला मिळतं.