'अजून ठरलेलं नाही' आणि 'आत्ता सांगता येत नाही'

साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी स्टोअर्स बघत होतो. एका सोमवारी नोटीस बोर्डावर कागद लागला: स्टोअर्स, परचेस आणि डिस्पॅच एकत्र होणार, आणि कारभार शिरवळच्या प्लँटवरून चालणार. पाळी सुटायच्या आत माझी अकराही माणसं टेबलाभोवती जमली. "साहेब, आमच्यातली किती कमी होणार?"

मी म्हणालो, "अजून काही ठरलेलं नाही."

हे खोटं होतं. क्लार्कच्या दोन जागांची एक होणार, हे मला आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं. फक्त बोलायला मनाई होती. नऊ दिवसांनी ती गोष्ट गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर फुटली. तेव्हापासून जे खरंच ठरलेलं नव्हतं, तेसुद्धा माझ्या तोंडून कुणी ऐकून घेईना.

ही दोन उत्तरं ऐकायला जुळ्या भावांसारखी असतात, कारण दोन्हींनंतर माणूस रिकाम्या हातानं परत जातो. पण 'ठरलेलं नाही' म्हणजे उत्तर कुणाकडेच नाही. 'सांगता येत नाही' म्हणजे उत्तर आहे, मला माहीत आहे, आणि मी ते धरून ठेवलंय. पहिल्यात माझी आणि त्यांची अडचण सारखीच असते. दुसऱ्यात मी कंपनीच्या बाजूला उभा असतो, आणि तसं कबूल करायचं जिवावर येतं. म्हणून आपण दुसऱ्याला पहिल्याचं नाव देतो.

दोन्हींना जोडून काय सांगायचं तेही वेगळं. 'ठरलेलं नाही' म्हटलं की कोण ठरवणार आणि कधीपर्यंत, हे सांगावं लागतं. उदाहरणार्थ, "रात्रपाळी ठेवायची की नाही हे प्लँट हेड ठरवणार आहेत, महिनाअखेरच्या बैठकीत." या दोन गोष्टी मलाच सांगता येत नसतील, तर मी विचारलेलंच नाही असा त्याचा अर्थ, आधी वर जाऊन विचारून यायचं. 'सांगता येत नाही' म्हटलं की का, आणि कुठपर्यंत, हे जोडायचं: "जागांबद्दल मला थोडंफार माहीत आहे. ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्याशी आधी बोलणं व्हायचंय. ते झालं की त्याच दिवशी सगळ्यांना सांगेन."

इथे एक खोच आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. बातमी चांगली असेल तेव्हा "काही नाही रे, तू सेफ आहेस" म्हणायचं आणि वाईट असेल तेव्हाच "सांगता येत नाही" म्हणायचं, असं केलं की ते गप्प बसणंच बातमी होतं. समोरचा चेहरा वाचतो. म्हणून कोणाची जागा राहणार या प्रश्नाला सगळ्यांना एकच उत्तर, जागा पक्की असलेल्यालाही. आपल्या खास माणसाला जिन्यात गाठून धीर द्यायचा मोह होतो. तो टाळायचा, कारण उरलेले दहा जण ते हिशेबात धरतात.

मग धीर द्यायचा तरी कशाच्या जोरावर? जे पक्कं आहे त्याच्या. कायद्यानं कामगार म्हणून मोडणाऱ्यांचा पगार किंवा रजा बदलायची तर, युनियनशी तसा करार झालेला नसेल, तर कंपनीला 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. म्हणजे पुढच्या सोमवारी अचानक पगार कमी होणार नाही, एवढं मी सांगू शकतो. बदलीला मात्र हे लावू नका. ती बहुतेकदा नेमणूकपत्रातल्या बदलीच्या कलमावर चालते, तेव्हा प्रत्येकाला आपलं पत्र काढून बघायला सांगा. "कुणाची नोकरी जाणार नाही" हे मात्र माझ्या हातातलं नव्हतं, म्हणून पुढच्या वेळी ते मी तोंडातून काढलं नाही.

पुढची वेळ दोन वर्षांनी आली. त्या वेळी मी फळ्याचे तीन भाग केले: पक्कं, ठरलेलं नाही, सांगता येत नाही. दर शुक्रवारी चारला फळ्यासमोर उभं राहायचं, नवीन काही नसलं तरी. लोक विचारतात तोवर ठीक असतं. तुम्हाला विचारायचं सोडून ते एचआरच्या शिपायाला आणि टेम्पोवाल्याला विचारू लागले, की समजायचं फळ्यावरचा विश्वास उडालाय.

तिसऱ्या शुक्रवारी डिस्पॅचच्या एका मावशींनी विचारलं, "शिरवळला जायचं झालं तर कंपनीची गाडी असंल का? रोज खंबाटकी घाट ओलांडायचा म्हणजे घरी यायला रात्रच."

"ठरलेलं नाही, मावशी. अॅडमिन दोन गाडीवाल्यांचे दर मागवतंय, 14 तारखेला कळेल."

"ठरलेलं नाही, का सांगता येत नाही?"

"ठरलेलं नाही."

त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मधल्या भागात 'गाडी – 14' असं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि पाळीला गेल्या.