अनामत, आगाऊ भाडे आणि आयकर: हा नियम आला कुठून?

ठाण्यात गाळा भाड्याने दिलेल्या एका घरमालकाचं पासबुक नमुन्यादाखल घेऊ. १ जानेवारी २०२५ ला भाडेकरू कंपनीकडून त्यात दोन रकमा जमा झाल्या आहेत. पहिली सहा लाखांची, करारात ‘बिनव्याजी, परतफेडीची अनामत’ असं लिहिलेली. दुसरी सहा महिन्यांच्या आगाऊ भाड्याची, दरमहा ६०,००० प्रमाणे तीन लाख साठ हजारांची. पण कंपनीने दहा टक्के टीडीएस कापल्यामुळे खात्यात प्रत्यक्ष ३,२४,००० आलेत. मार्चमध्ये वर्ष संपून विवरणपत्र भरायची वेळ आली की मालकाचा पहिला प्रश्न असतो, यातलं उत्पन्न किती? उत्तर एक लाख ऐंशी हजार. ते तसं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडे घरावरचा आयकर हा हातात आलेल्या पैशावर कधीच नव्हता. १९२२ च्या कायद्यात तो मालमत्तेच्या ‘वार्षिक मूल्या’वर होता आणि १९६१ च्या कायद्याने तोच पाया ठेवला. ती जागा वर्षाला वाजवीपणे किती भाड्याने जाऊ शकेल, हा त्यातला मूळ प्रश्न. प्रत्यक्ष भाडं त्याहून जास्त असेल तर ते धरायचं, ही तरतूद १९७५ च्या दुरुस्तीने कलम २३ मध्ये आली आणि १ एप्रिल १९७६ पासून लागू झाली.

मुंबईत या पायाला दुसऱ्या एका कायद्याची चौकट होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं कायद्याने ठरणाऱ्या प्रमाण भाड्यापाशी अडवून ठेवलं होतं आणि मालकाने पागडी घेणं हा गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये शीला कौशिश खटल्यात सांगितलं, की भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तर वाजवी भाडं प्रमाण भाड्याच्या वर धरता येत नाही. म्हणजे आकारणी अधिकाऱ्याचे हात तिथेच बांधले गेले.

मग मोठ्या कंपन्यांना दिलेल्या जागांमध्ये एक रीत रुळली. कागदावर भाडं नाममात्र आणि अनामत भलीमोठी, बिनव्याजी. मालक ती रक्कम गुंतवून त्यावर कमवायचा. आयकर खात्याचं म्हणणं असं, की हे व्याज म्हणजे दुसऱ्या नावाचं भाडंच आहे, म्हणून अनामतीवर मानीव व्याज काढून ते भाड्यात मिळवा. हे म्हणणं अगदीच निराधार होतं असं मला वाटत नाही. पण कायद्यातले शब्द होते ‘मिळालेलं किंवा मिळण्याजोगं भाडं’. मुंबई उच्च न्यायालयाने जे. के. इन्व्हेस्टर्स प्रकरणात (निकालसंग्रहात २००१) या शब्दांवर बोट ठेवलं आणि मानीव व्याज हे प्रत्यक्ष भाड्याचा भाग होऊ शकत नाही, असं ठरवलं. मात्र वाजवी भाडं ठरवताना ते विचारात घ्यायचं का, हा प्रश्न न्यायालयाने मुद्दाम खुला ठेवला.

त्या खुल्या दारातून पुढची दहा-बारा वर्षं वाद चालू राहिले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०११ मध्ये मोनी कुमार सुब्बा प्रकरणात वाजवी भाड्यातही मानीव व्याज मिळवायला नकार दिला. पण जोडीला हेही सांगितलं, की इतर कारणांमुळे भाडं मुद्दाम कमी दाखवलंय असं दिसलं तर अधिकारी चौकशी करून त्या भागातलं खरं वाजवी भाडं ठरवू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये टिप टॉप टायपोग्राफीच्या निकालात साधारण हीच वाट धरली. महापालिकेने घरपट्टीसाठी ठरवलेलं मूल्य डोळे मिटून मानायची सक्ती नाही, पण ते बाजूला सारायचं तर हातात ठोस पुरावा हवा. अनामतीला बँकेच्या व्याजदराने गुणलं आणि आलेला आकडा भाड्यात घातला, एवढ्याने भागत नाही.

म्हणून ‘हेवी डिपॉझिट, भाडं शून्य’ अशा व्यवहारात कर लागतच नाही, हा समज मला धोक्याचा वाटतो. अनामत उत्पन्न नाही, हे खरं. पण जागेचं वाजवी भाडं तरीही मोजलं जातं आणि शेजारच्या तशाच फ्लॅटचं भाडं हा त्याचा पुरावा होऊ शकतो. शिवाय ती अनामत मुदतठेवीत टाकली असेल तर तिचं खरं व्याज ‘इतर स्रोतां’खाली करपात्र आहेच.

याच अनामतीकडे महाराष्ट्राचा मुद्रांक कायदा मात्र उलट नजरेने बघतो. लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीत परतफेडीच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात आणि एकूण रकमेवर ०.२५ टक्के शुल्क लावतात. आपल्या ठाण्याच्या गाळ्याचे सहा लाख तिथे वर्षाला ६०,००० ची भर घालतात, आयकरात शून्याची. नोंदणीच्या पावतीवरचा हिशोब बघून तोच आकडा विवरणपत्रात भरणारे मालक मी पाहिलेत. ते ६०,००० तिथे भरायचे नसतात.

आगाऊ भाड्याची गोष्ट याच पायावर उभी आहे. वार्षिक मूल्य त्या-त्या वर्षाचं असतं, म्हणून एप्रिल ते जूनचं भाडं जानेवारीत मिळालं तरी ते पुढच्या वर्षाचंच. थकलेलं भाडं मागाहून मिळालं तर ते मिळेल त्या वर्षी करपात्र, अशी वेगळी तरतूद कलम २५अ मध्ये आहे. आगाऊ भाड्यासाठी तशी तरतूद नाही. (गाळे देणं हाच ज्याचा धंदा आहे आणि उत्पन्न धंद्याच्या सदराखाली जातं, किंवा नुसती मोकळी जमीन भाड्याने दिली आहे, तिथे हिशोब वेगळा.)

घोळ होतो तो टीडीएसमुळे. भाड्यावरची कपात कलम १९४-आय ने १९९४ मध्ये आली आणि ती रक्कम देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, जे आधी असेल तेव्हा करायची असते. परतफेडीच्या अनामतीवर कपात नाही आणि परत न मिळणारी ठेव म्हणजे भाडंच, हे १९९५ च्या ७१८ क्रमांकाच्या परिपत्रकाने स्पष्ट केलं. पण आगाऊ भाड्यावर कपात आज आणि उत्पन्न उद्या, हा पेच उरलाच. तो २ मार्च २००१ च्या ५/२००१ क्रमांकाच्या परिपत्रकाने सोडवला: ज्या प्रमाणात भाडं उत्पन्नात दाखवाल, त्या प्रमाणात टीडीएसची वजावट त्या वर्षी घ्या. पुढे नियम ३७बीए(३) मध्ये हेच तत्त्व आलं.

ठाण्याच्या मालकाने म्हणून २०२४-२५ साठी जानेवारी ते मार्चचे १,८०,००० दाखवायचे. त्यातून भरलेली घरपट्टी आणि मग ३० टक्के प्रमाणित वजावट काढायची. कापलेल्या ३६,००० पैकी १८,००० याच वर्षी घ्यायचे आणि उरलेले १८,००० विवरणपत्रातल्या टीडीएसच्या तक्त्यात ‘पुढे ओढलेली रक्कम’ म्हणून दाखवायचे. इथेच बहुतेक जण चुकतात. आयकर खात्याच्या सव्वीस-एएस या टीडीएसच्या उताऱ्यात ३,६०,००० आणि ३६,००० दिसतात म्हणून पूर्ण टीडीएस मागतात आणि उत्पन्न मात्र निम्मं दाखवतात. मग तफावतीची नोटीस येते. तशी नोटीस आलीच, तर करारातलं भाड्याच्या महिन्यांचं कलम आणि हा तक्ता एकत्र जोडून उत्तर द्यावं.

समजा कंपनीने एप्रिलअखेरच गाळा सोडला आणि मे-जूनचे १,२०,००० मालकाने परत केले. तर २०२५-२६ मध्ये या भाडेकरूचं भाडं एप्रिलचं ६०,००० एवढंच, पण शिल्लक टीडीएस पूर्ण १८,००० त्याच वर्षी मिळतो. करार मोडला तर उरलेल्या सगळ्या टीडीएसची वजावट त्या वर्षी द्यावी, असं २००१ च्या त्याच परिपत्रकात लिहिलेलं आहे.