कोड १०७ चा, पट्टी १०४ ची: VLOOKUP चुकीची ओळ का उचलतं?

(आमच्याकडून हिशेबाची शीट करून घेणाऱ्या आणि स्वतः शीट बनवणाऱ्या अडत दुकानांसाठी)

हळदीचा हंगाम सुरू झाला की सांगलीच्या मार्केट यार्डातून एक तक्रार हमखास येते. खातेदाराचा कोड बरोबर टाकलेला असतो, तो यादीतही असतो, तरी पट्टीवर दुसऱ्याचंच नाव छापून येतं. शीटवर कुठं लाल खूण नाही, एररही नाही. पट्टी हातात घेतलेला शेतकरी “हे नाव माझं नाही” म्हणतो, तेव्हा कुठं ते लक्षात येतं. अशा फायलींत आम्ही सगळ्यात आधी फॉर्म्युला बघतो. बहुतेक वेळा तो असा असतो:

```
=VLOOKUP(D2,$A$2:$B$8,2)
```

D2 मध्ये कोड, A मध्ये कोडांची यादी, B मध्ये खातेदार. दिसायला सगळं ठीक आहे. पण कंसात चौथी गोष्ट लिहायची राहिली आहे. ती लिहिली नाही, तर एक्सेल स्वतःच तिथं TRUE धरतं. TRUE म्हणजे “नेमका हाच कोड शोध” असं नाही. “हा कोड किंवा त्याच्याहून लहान असलेला सगळ्यात जवळचा कोड दे, आणि यादी लहानाकडून मोठ्याकडे लावलेली आहे असं समज” असा त्याचा अर्थ. यादी तशी लावलेली आहे की नाही, हे एक्सेल तपासत नाही. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून कामाला लागतं.

दुकानातली यादी बहुधा तशी नसते. जुन्या वहीतला खातेदार ज्या दिवशी माल घेऊन आला, त्या दिवशी त्याची नोंद झाली, असंच चालतं. उदाहरणाला सात ओळी घेऊ. नावं बाजूला ठेवून नुसती गावं लिहितो:

```
A2  104  दुधगाव
A3  112  कवठेपिरान
A4  107  समडोळी
A5  118  तुंग
A6  101  बुधगाव
A7  115  डिग्रज
A8  121  माधवनगर
```

आता D2 मध्ये १०७ टाका. एक्सेल वरून एकेक ओळ वाचत येत नाही. ते थेट मधल्या ओळीवर, A5 वर जातं. तिथं ११८ आहे. १०७ त्याहून लहान, म्हणून ते A5 पासून खालचा सगळा भाग सोडून देतं. उरल्या A2 ते A4. त्यातली मधली A3, तिथं ११२. हेही १०७ पेक्षा मोठं, म्हणून पुन्हा वर. आता एकटी A2 उरली, तिथं १०४. हा १०७ पेक्षा लहान आहे आणि शोधायला पुढं काही नाही, म्हणून उत्तर १०४, दुधगाव. समडोळीची ओळ A4 वर समोर होती, पण A3 वरून वर वळताना ती सुटली ती सुटलीच.

याच यादीत ११५ टाकलं तर समडोळी येतं आणि १०१ टाकलं तर #N/A, म्हणजे “सापडत नाही”. १०१ मात्र A6 वर आहेच. गोंधळ वाढतो तो पुढं: १०४ आणि १२१ टाकून बघा, उत्तर बिनचूक येतं. म्हणून एक-दोन कोड टाकून “चालतंय की” असा निर्वाळा देऊ नका. कोणता कोड बरोबर येणार, हे तो यादीत कुठं बसलाय आणि वाटेत मधे कोण लागतं यावर ठरतं. खाली एक नवीन खातेदार वाढला की मधली ओळ सरकते, आणि काल बरोबर येणारा कोड आज चुकू शकतो.

(एक्सेलला अशी घाई का, असं विचारणारे असतात. हजार ओळींची यादी नीट लावलेली असेल, तर या पद्धतीत साधारण दहा ठिकाणी बघून काम होतं. सोय खरीच आहे, पण लावलेल्या यादीपुरती.)

तुमच्या फायलीत हे होतंय का, ते असं तपासा. शेजारच्या रिकाम्या रकान्यात हा फॉर्म्युला टाकून खाली ओढा:

```
=VLOOKUP(D2,$A$2:$B$8,1)=D2
```

इथं दुसऱ्या रकान्याऐवजी पहिलाच रकाना मागवला आहे, म्हणजे एक्सेलनं उचललेल्या ओळीवरचा कोड तुमच्या कोडाशी जुळतो का, ते कळतं. १०७ समोर FALSE येईल, कारण उचललेली ओळ १०४ ची आहे. जिथं FALSE किंवा #N/A दिसेल, ती पट्टी थांबवा.

दुरुस्ती एका शब्दाची आहे:

```
=VLOOKUP(D2,$A$2:$B$8,2,FALSE)
```

FALSE ऐवजी 0 लिहिलं तरी चालतं. मग यादी कशीही लावलेली असो, नेमका कोड असेल तरच नाव येतं, नाहीतर #N/A. हे बदलल्यावर काही ठिकाणी नव्यानं #N/A दिसायला लागेल. बहुतेक ठिकाणी कोडामागे स्पेस राहिलेली असते, किंवा आकडा मजकूर म्हणून टाइप झालेला असतो. ते #N/A त्रासदायक वाटून IFERROR लावून झाकू नका. चुकीच्या नावापेक्षा ते कधीही परवडलं.

एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर XLOOKUP वापरा. काही सांगितलं नाही, तर ते नेमकाच कोड शोधतं. २०१६ आणि २०१९ मध्ये मात्र ते नाही, त्यामुळं तीच फाईल सीए साहेबांच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालायची असेल तर FALSE वालं VLOOKUP बरं. INDEX आणि MATCH जोडून वापरणाऱ्यांनी MATCH च्या शेवटीही 0 लिहायला हवा. तिथंही न लिहिल्यास हाच घोळ होतो.

मग TRUE कुठंच वापरायचं नाही का? वापरायचं, टप्प्याच्या दरासाठी. समजा पोत्यामागचं भाडं ०, १०, २५, ५०, १०० आणि २०० पोत्यांपासून बदलतं. ८० पोती आली, तर ८० हा आकडा यादीत नसणारच. इथं FALSE लावलं तर #N/A येईल. आपल्याला ५० चा टप्पाच हवा असतो, आणि TRUE तोच देतं.

घोळ होतो तो हंगामाच्या मधे दर बदलल्यावर. कुणीतरी ७५ पोत्यांचा नवा टप्पा सगळ्यात खाली, २०० च्या खाली लिहितं. ८० पोत्यांसाठी एक्सेल मधल्या ५० वर जातं, तिथून खाली २०० वर, मग वर १०० वर, आणि शेवटी ५० वरच परत येतं. ७५ ची ओळ बघितलीच जात नाही. ५० चा दर २० रुपये आणि ७५ चा १८ असेल, तर त्या एका बिलात १६० रुपये जादा लागतात. १२० पोत्यांचं बिल मात्र बरोबर येतं, म्हणून शंकाही येत नाही.

नवा टप्पा त्याच्या जागी ओळ घालूनच लिहा. नाहीतर खाली लिहून पूर्ण तक्ता निवडून Sort करा. नुसता पोत्यांचा रकाना निवडलात तर एक्सेल बाजूचे रकानेही घ्यायचे का, ते विचारतं. तिथं Expand the selection निवडा, नाहीतर टप्पे सरकतील आणि दर जागेवरच राहतील.

आम्ही बनवून दिलेल्या शीटमध्ये खातेदारांच्या नावासाठी FALSE आणि दराच्या टप्प्यांसाठी TRUE स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यात बदल करायचा असेल तर आधी फायलीची एक प्रत वेगळी ठेवा. स्वतः बनवलेली शीट असेल आणि वरच्या तपासणीत FALSE आलं असेल, तर पेन ड्राइव्हवर फाईल घेऊन या. सोबत गेल्या आठवड्यातल्या छापील पट्ट्याही आणा, म्हणजे कुठल्या पट्ट्या परत द्याव्या लागतील तेही एकदम निघेल.