मुंबईच्या प्लेगची वक्ररेषा आणि तिच्यात न दिसणारे आकडे

लोकसंख्येचे गट पाडून साथीचा प्रसार मांडणाऱ्या कंपार्टमेंटल मॉडेलवरचा शोधनिबंध हाती आला की नजर आधी आलेखावर जाते. रेषा ठिपक्यांवर बसली की आपला विश्वास बसतो. तो किती कच्चा असू शकतो, हे या मॉडेलांच्या उगमाशीच दिसते, आणि ते उदाहरण मुंबईचे आहे.

कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली लोकसंख्येचे तीन गट मानले: लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि साथीतून बाहेर पडलेले, म्हणजे बरे झालेले किंवा मेलेले. पडताळ्यासाठी त्यांनी मुंबई बेटावरचे प्लेगचे आठवड्याचे मृत्यू घेतले, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले. त्यांवर त्यांनी ही रेषा बसवली, जिच्यात dz/dt म्हणजे आठवड्याचे मृत्यू आणि t म्हणजे आठवड्यांत मोजलेला काळ:

```
dz/dt = 890 sech²(0.2t − 3.4)
```

रेषा बऱ्यापैकी बसते. पण सूत्रातले आकडे तीन, आणि मॉडेलला हवेत चार: सुरुवातीचे लागणयोग्य लोक, सुरुवातीचे रुग्ण, संसर्गाचा दर, बाहेर पडण्याचा दर. म्हणजे एक आकडा बाहेरून आणावाच लागतो.

तो आणून पाहू. या रेषेखालचे एकूण मृत्यू ८,९०० भरतात. लागणयोग्य लोक ५०,००० धरले तर एक रुग्ण सरासरी १.११ जणांना लागण देतो आणि सुमारे दोन दिवस संसर्गजन्य राहतो. शहराच्या लोकसंख्येच्या जवळचा, १० लाखांचा आकडा धरला, तर लागण १.००४५ जणांना आणि संसर्गाचा काळ जेमतेम दोन तास! रेषा दोन्ही वेळा तीच राहते. प्लेगचा रुग्ण दोन तासच संसर्गजन्य असतो हे कुणीही मान्य करणार नाही, पण ते नुसत्या आलेखावरून कळत नाही. म्हणून निबंधात मी आधी हे शोधते की कोणते आकडे विदेतून आले, कोणते गृहीत धरले, आणि गृहीत आकडा हलवला तर बाकीचे कुठवर सरकतात. फक्त एकेक ‘सर्वोत्तम’ किंमत दिली असेल, तर तो निबंध अपुरा आहे.

दुसरा दोष रचनेतच आहे. या मॉडेलमध्ये साथ ओसरते ती लागणयोग्य माणसे घटल्यामुळे. मुंबईचा प्लेग मात्र उंदरांच्या पिसवांतून पसरत होता आणि ऋतूबरोबर चढत-उतरत होता. १८९६ पासून तो वर्षानुवर्षे परतत राहिला. एका हंगामाच्या आकड्यांत ही दोन्ही कारणे सारखीच दिसतात, अनेक वर्षांच्या आकड्यांत ती वेगळी होतात. गणितज्ञ निकोला बकाएर यांनी २०१२ मध्ये ऋतुमान धरून हीच साथ पुन्हा मांडली.

मूळ लेखकांना मर्यादा ठाऊक होत्या. उंदीर, पिसवा आणि स्थिर दर यांबद्दलची गृहीतके तंतोतंत खरी नाहीत, म्हणून या जुळणीवरून स्थिरांकांच्या किमती काढू नयेत, असे त्यांनी त्या आकृतीसोबतच लिहून ठेवले होते.